तंबोऱ्याचा व्हिडिओ आणि बारा वर्षांचा लॅपटॉप : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, भिंतीला टांगलेले भोपळे आणि खाली पसरलेला लाकडाचा भुसा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे लोक फोन करून "जवारी काढताना दाखवाल का" असं विचारतात. जवारी काढणं म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवणं. चाचांच्या धाकट्या मुलीने मनावर घेतलंय. वडील घोडी घासतात ते फोनवर टिपायचं आणि सात-आठ मिनिटांचा नीट व्हिडिओ करायचा. तिने आजवर एडिटिंग केलेलं नाही. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आज फक्त लॅपटॉप उघडून मोजदाद केली. तिसऱ्या पिढीचा कोअर आय३, दोनच कोअर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ४ जीबी, हार्डडिस्क फिरती, पडदा १३६६ बाय ७६८. विंडोज १० चौसष्ट बिटचं. सी ड्राइव्हवर ३१ जीबी मोकळी, आणि डी ड्राइव्ह म्हणजे घरातल्या लग्नांचे फोटो, त्याला हात लावायचा नाही अशी चाचींची ताकीद.

काही न उघडता टास्क मॅनेजर पाहिला तर ४ पैकी जवळजवळ २ जीबी रॅम विंडोजनेच धरलेली. म्हणजे एडिटिंगला उरली दोन. त्यात क्रोम उघडं ठेवलं की संपलंच.

खर्चाची मर्यादा : हजार रुपयांच्या आत. दरमहा पैसे भरायचं काही नको, हे चाचांनी आधीच सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार

दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम आहे, रंगकामासाठी तर तिला तोड नाही. पण ती १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड धरून चालते. इथे दोन्ही नाही. उतरवून बघायचाही मोह टाळला, कारण नुसती उतरवायची फाइलच जीबींमध्ये असते.

क्लिपचॅम्प ब्राउझरमध्ये चालतं, मोफतमध्ये १०८० पर्यंत फाइल काढून देतं. नवशिक्याला ते सगळ्यात लवकर जमेल. पण ४ जीबीच्या यंत्रावर ब्राउझरच मुळात भारी, आणि कारखान्यात इंटरनेट म्हणजे तिच्या फोनचा हॉटस्पॉट. बाद. रॅम चांगली असेल आणि घरात वायफाय असेल, तर मी आधी तेच सुचवलं असतं.

मग "मोफत" म्हणवणारी दोन-तीन पाहिली. नावं लिहीत नाही. एकाने सगळं काम करू दिलं आणि शेवटी फाइल काढताना कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारला. म्हणून नियम केला : कुठलंही सॉफ्टवेअर घेताना आधी दहा सेकंदांचा तुकडा टाकून फाइल बाहेर काढून बघायची. शिक्का, वेळेची मर्यादा, ७२० चं बंधन, जे काही असेल ते तिथेच कळतं.

शेवटी उरली दोन : शॉटकट आणि केडनलाइव्ह. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्हींच्या पोटात एमएलटी नावाचं एकच इंजिन. दोन्ही लिनक्सवरही चालतात. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला, कारण विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबरला थांबली आणि हा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. उद्या लिनक्स टाकावं लागलं तर पोरीने शिकलेलं वाया जायला नको.

दोन्हींना एकच परीक्षा दिली. दोन मिनिटांचा तुकडा, तीन ठिकाणी कापायचा, मध्ये एक फोटो, वर मराठी शीर्षक, मग ७२० मध्ये फाइल काढायची. दोन्ही पास. केडनलाइव्हमध्ये सोयी जास्त, पण ७६८ उंचीच्या पडद्यावर त्याचे सगळे चौकोन मांडले की टाइमलाइनला बोटभर जागा उरते. शॉटकट उघडल्यावर जवळजवळ रिकामं दिसतं, आणि लागेल तेवढेच चौकोन उघडता येतात. शिवाय त्याची इन्स्टॉल न करता चालणारी झिपही मिळते, ती पेनड्राइव्हवरून चालते. शॉटकट ठरलं.

शीर्षकाबद्दल थोडं. परीक्षेला मुद्दाम "दुसऱ्या तारेचा सूर" असं लिहिलं, कारण "ऱ्या" जिथे नीट बसतो तिथे बाकीची जोडाक्षरंही बसतात. शॉटकटच्या Text: Simple या फिल्टरमध्ये ते व्यवस्थित उमटलं. मात्र चाचांच्या भाच्याने डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर चिकटवला तर नुसते इंग्रजी अक्षरांचे तुकडे. तो जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला होता. तसला मजकूर इथे पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. फॉन्ट तिरो देवनागरी मराठी घेतला, फुकट आहे आणि त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल दिसला की चाचा लगेच विचारतात, "हे असं का लिहिलंय?"

११ नोव्हेंबर, मंगळवार

रात्री साडेनऊला फोन. "दादा, सी ड्राइव्ह लाल झाला की ओ. सातशे एमबीच राहिली."

जाऊन पाहिलं. तिने दोन दिवसांत ४२ मिनिटांचं चित्रण केलं, नऊ तुकडे. फोनवरून लॅपटॉपवर आणलं तेव्हा ५.३ जीबी झाले. इथवर काहीच चुकलं नव्हतं. मग शॉटकटमध्ये पहिला तुकडा टाकल्यावर त्याने विचारलं, या फाइलचा फ्रेमचा वेग एकसारखा नाही, एडिटिंगला सोप्या रूपात बदलून देऊ का? खाली दर्जाची पट्टी होती. तिने ती पूर्ण उजवीकडे नेली, सगळ्यात चांगला दर्जा म्हणून. तिची चूक म्हणता येत नाही. मी सांगितलंच नव्हतं.

पाच मिनिटांच्या तुकड्याची १५ जीबीची फाइल तयार झाली. दुसरा तुकडा १० जीबीपर्यंत पोहोचला आणि जागा संपली म्हणून अर्ध्यात थांबला.

असं का होतं ते तिला वहीत मांडून दाखवलं. तिच्या फोनची फाइल सेकंदाला साधारण १७ मेगाबिट भरते. आठाने भागलं की २ मेगाबाइटच्या थोडं वर, म्हणजे मिनिटाला १२७-१२८ एमबी. फोन एवढ्या कमी जागेत बसवतो कारण तो प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. सेकंदाला एखादं चित्र पूर्ण, आणि मधल्या चित्रांची नुसती "मागच्यापेक्षा काय बदललं" एवढीच नोंद. सगळ्यात वरच्या दर्जाचं रूपांतर प्रत्येक चित्र पूर्ण आणि काहीही न गमावता साठवतं. मिनिटाला ३ जीबी. मधला पर्यायही मिनिटाला एक जीबीच्या वर जातो. तळाचा पर्याय तेवढा या लॅपटॉपच्या आवाक्यातला.

ती म्हणाली, "मग फोनमधनं आलंय त्यापेक्षा चांगलं थोडंच होणाराय?" बरोबर. दर्जा वाढत नाही, फक्त पुढे कमी होत नाही. एवढ्यासाठी १५ जीबी घालवायची आपली ऐपत नाही.

दोन्ही फाइली काढल्या, रिसायकल बिनही रिकामी केली. (ते विसरलं तर जागा परत मिळतच नाही. दर वेळी कुणीतरी विसरतं.)

१२ नोव्हेंबर, बुधवार

कामाचा क्रम उलटा केला. आधी कापायचं, मग बाकी सगळं.

४२ मिनिटांतलं लागणार किती? चाचा कानस शोधतायत, चहा आला, रिक्षाचा हॉर्न वाजला, हे सगळं नको. यासाठी शॉटकट उघडायची गरजच नाही. लॉसलेसकट नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, फुकट, इन्स्टॉल न करता चालतं. ते फाइल उलगडून पुन्हा बांधत नाही, आहे तशीच कापून देतं. म्हणून लॅपटॉप कितीही जुना असला तरी कापणं काही सेकंदांत होतं आणि दर्जाला धक्का लागत नाही.

तिला तीनच कळा शिकवल्या. फाइल ओढून आत टाकायची. हवा तो भाग सुरू होतो तिथे `I`, संपतो तिथे `O`, आणि शेवटी `E` दाबून बाहेर काढायचं.

एक गोम आहे. न उलगडता कापायचं तर कापण्याची सुरुवात पूर्ण साठवलेल्या चित्रावरच होऊ शकते. ती चित्रं या फोनमध्ये सेकंदाच्या अंतरावर आहेत. म्हणून आपण दाबतो तिथे नेमकं कापलं जात नाही, थोडं आधीपासून सुरू होतं. पहिल्या प्रयत्नात तिने अगदी तारेच्या छेडीला कळ दाबली, आणि तुकडा छेडीच्या आधी चाचा नाक खाजवतायत तिथून सुरू झाला. दोघेही हसलो. उपाय सोपा : दोन्ही बाजूंना दोन-दोन सेकंद जास्तीचे ठेवायचे. नेमकी काप नंतर शॉटकटमध्ये.

तासाभरात ४२ मिनिटांची ११ मिनिटं झाली. ५.३ जीबीची १.४ जीबी. मूळ नऊ तुकडे पेनड्राइव्हवर टाकले आणि लॅपटॉपवरून काढले. पेनड्राइव्ह आधी एफएटी३२ मध्ये होता, तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करून घेतला. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी "फाइल फार मोठी आहे" म्हणतो. आज तेवढी मोठी फाइल नव्हती, पण पोरगी कधीतरी पाऊण तास सलग चित्रण करणारच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मंगळवारच्या धसक्याने ती आता रूपांतराच्या प्रश्नाला सरळ नाही म्हणत होती. कालपर्यंत सगळं सुरळीत वाटलं. आज चाचांना दाखवायला बसलो.

चाचांनी पडद्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून ऐकलं, मग पुन्हा पाहिलं. "बोट आधी जातंय आणि आवाज मागनं येतोय. असा तंबोरा मी नाही केलेला."

मला ते सुरुवातीला जाणवलंच नव्हतं. चार मिनिटांच्या तुकड्यात सुरुवातीला बोट आणि सूर एकत्र होते, शेवटी पाव सेकंदाचा फरक पडला होता. बोलण्याच्या व्हिडिओत एवढं खपून जातं. इथे बोट तारेवरून सुटतं तो क्षण स्पष्ट दिसतो, म्हणून लगेच खटकतं.

खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर आवाज सरकवून भागतं. फरक वाढत जात असेल तर फ्रेमचा वेग अस्थिर आहे. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडली, आणि तिथे हेच लिहिलेलं होतं : Frame rate mode: Variable. किमान वेग २४ च्या आसपास, कमाल ३०. चाचा घोडी घासतात तो कोपरा अंधारा आहे, एकच बल्ब. उजेड कमी झाला की फोन प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो आणि सेकंदातली चित्रं कमी करतो. फाइलमध्ये प्रत्येक चित्राची वेळ बरोबर लिहिलेली असते, पण एडिटिंगची टाइमलाइन समान अंतराच्या चौकटींची असते, तिथे हे बसत नाही.

म्हणजे मंगळवारी शॉटकटने विचारलेला प्रश्न योग्यच होता. उत्तर "हो, पण तळाच्या दर्जात" असं द्यायचं होतं. ११ मिनिटांना ते परवडतं. मी मात्र हे काम एफएफएमपेग नावाच्या, कमांड लिहून चालवायच्या साधनाने एकदम उरकलं, सगळे तुकडे एका दमात होतात म्हणून. कापलेले तुकडे होते त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून :

```
mkdir cfr
for %f in (*.mp4) do ffmpeg -i "%f" -vf fps=30 -c:v libx264 -preset veryfast -crf 20 -g 15 -c:a copy "cfr\%~nf.mp4"
```

यात `fps=30` ने वेग एकसारखा होतो. `-crf 20` म्हणजे दर्जा, आकडा लहान तितकी फाइल मोठी. `-g 15` मुळे अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र साठवलं जातं, त्याने टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना जुन्या प्रोसेसरला कमी खोदावं लागतं. `-c:a copy` ने आवाजाला हातच लागत नाही, आणि तंबोऱ्याच्या बाबतीत ते मला हवंच होतं. हीच ओळ बॅच फाइलमध्ये ठेवायची तर `%f` च्या जागी `%%f` आणि `%~nf` च्या जागी `%%~nf` लिहावं लागतं, नाहीतर ती चालत नाही.

११ मिनिटांना साधारण पाव तास लागला, पंखा मात्र गिरणीसारखा ओरडत होता. सगळी मिळून १.२ जीबी. चार मिनिटांच्या त्याच तुकड्याचा शेवट चाचांना पुन्हा दाखवला. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि कानस उचलली.

फोनच्या सेटिंगमध्येही दोन बदल केले. "हाय एफिशियन्सी" बंद करून साधं एच.२६४ केलं. हाय एफिशियन्सीने फाइल लहान होते, पण ती उलगडायला या प्रोसेसरमध्ये खास सोय नाही, नुसतं बघतानाही टास्क मॅनेजर शंभराला टेकतो. आणि यापुढे चित्रण सकाळी खिडकीशी. बल्बखाली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज एकमेव खर्च. सांगलीच्या जुन्या बाजारातून ४ जीबीची डीडीआर३ पट्टी, लॅपटॉपवाली, ४०० रुपये. पट्टीवर PC3 छापलेलं असल्याची खात्री केली. PC4 ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. मागचं झाकण उघडलं, दुसरी खोबण रिकामी होतीच. बॅटरी काढून पट्टी तिरकी घातली आणि खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज आला.

हेच पैसे कुठल्याशा सशुल्क सॉफ्टवेअरवर घातले असते तरी फरक पडला नसता. काल शॉटकटमध्ये चित्र अडखळायचं तेव्हा प्रोसेसर सत्तरवर असायचा आणि डिस्क शंभरवर. याचा अर्थ रॅम संपून विंडोज तात्पुरता माल हार्डडिस्कवर ठेवत होतं. आज डिस्क शांत आहे. एसएसडीने आणखी बरं झालं असतं, पण ती हजारात बसली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अडखळणं पूर्ण थांबलेलं नाही. एकच थर असला की चित्र नीट चालतं. पण तिला मोठ्या चित्रात चाचा आणि कोपऱ्यातल्या चौकटीत घोडीचा जवळून घेतलेला भाग, असं दोन्ही एकाच वेळी दाखवायचंय. कल्पना छान आहे. कानस एका अंगाला किती हलकी चालते ते त्या चौकटीतच कळतं. पण दोन १०८० चे थर एकदम उलगडायचे तर या आय३ ची छाती नाही.

दोन गोष्टी केल्या. पहिली, Settings > Preview Scaling मध्ये 360p. याने फक्त काम करतानाचं चित्र लहान होतं. पुरलं नाही. मग Settings > Proxy > Use Proxy. प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक तुकड्याची हलकी नक्कल. एडिटिंग नकलेवर करायचं, अंतिम फाइल काढताना शॉटकट आपोआप मूळ तुकडे वापरतं. नकला बनत असताना ती मध्येच क्लिक करायला लागली आणि सगळं रखडलं. तिला सांगितलं, खाली यादीतली कामं संपेपर्यंत चहा पी.

जागेचा धडा इथेही लागू. नकला डीफॉल्टने सी ड्राइव्हच्या कुठल्यातरी आतल्या फोल्डरमध्ये जातात आणि प्रकल्प संपला तरी तिथे पडून राहतात. म्हणून Settings > Proxy > Storage मध्ये जाऊन त्या प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवायला लावल्या. संपलं की तो आतला फोल्डर उडवला, काम झालं. सगळ्या नकला मिळून चारशे एमबीच्या आत बसल्या.

आणि फोल्डरची शिस्त. एकच फोल्डर "तंबोरा १", आत `cfr` आणि `.mlt` प्रकल्प-फाइल. प्रकल्प-फाइल काही केबींचीच असते, तिच्यात व्हिडिओ नसतो, फक्त "अमुक फाइलचा तमुक भाग इथे" एवढंच लिहिलेलं असतं. पोरीला परवा वाटलं की `.mlt` जपून ठेवली म्हणजे सगळं जपलं, आणि ती `cfr` उडवणार होती. वेळेवर विचारलंन म्हणून वाचलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फाइल काढली. Export मध्ये यूट्यूबचा तयार साचा, १०८०, फ्रेमचा वेग ३०, बाकी काही हलवलं नाही. लॅपटॉप चार्जरला लावला आणि झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सेटिंग केली. सात मिनिटांच्या व्हिडिओला चाळीस मिनिटं लागली. कोपऱ्यातली चौकट जिथे आहे तिथे रेंगाळलं, बाकी भराभर. फाइल ३९० एमबी.

जागेचा हिशेब आज संध्याकाळी : सी ड्राइव्हवर २८ जीबी मोकळी. सुरुवातीला ३१ होती. नकला उडवल्यावर आणखी थोडी सुटेल, पण चाचांनी पास केल्याशिवाय उडवायच्या नाहीत असं ठरलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चाचांनी हेडफोन लावून सात मिनिटं सलग ऐकली. बोट आणि सूर जुळतात, शीर्षकातला ल बरोबर आहे, कोपऱ्यातली घोडी आवडली. पाचव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला.

"इथं थांबव. जोडीच्या तारेची जवारी अजून बंद आहे. तारेखालचा धागा नीट सरकला नव्हता त्या दिवशी. हे लोकांना दाखवायचं नाही."

मी म्हटलं, "चाचा, ऐकणाऱ्याला नाही कळायचं ते."

"ज्याला दाखवायचंय त्यालाच कळतंय की."

तेवढा भाग उद्या सकाळी खिडकीशी पुन्हा टिपायचा. पोरीने न विचारताच वहीत लिहून घेतलं : आधी कापणे, मग `cfr`, मग जुन्या तुकड्याच्या जागी नवा. नकला ठेवल्या आहेत.